भाड्याच्या गाळ्याचे नूतनीकरण: कोणता खर्च मालमत्तेत, कोणता थेट नफा-तोट्यात

म्हापसा, मडगाव, पणजी, फोंडा, कुठल्याही बाजारात भाड्याच्या गाळ्याचे हिशेब तपासायला घ्या. नूतनीकरणाचा खर्च बहुतेक ठिकाणी दोनपैकी एका टोकाला गेलेला दिसतो. एक तर कंत्राटदाराचे सगळे बिल ‘दुरुस्ती व देखभाल’ खात्यात टाकून त्याच वर्षी उडवलेले असते, नाहीतर अगदी उद्घाटनाच्या पेढ्यांसकट सगळे ‘फर्निचर’ म्हणून मालमत्तेत चढवलेले असते. दोन्ही ठिकाणी आयकर चुकतो, जीएसटीचे क्रेडिट चुकते आणि बँकेला दिलेला ताळेबंदही खोटा ठरतो.

बहुतेक जण सुरुवात बिलापासून करतात, तिथेच क्रम बिघडतो. आधी भाडेकरार वाचायचा, मग बिल फोडायचे, मग प्रत्येक ओळीचा निर्णय घ्यायचा. कालावधी, जीएसटी आणि नोंद हे त्यानंतरचे. खाली त्याच क्रमाने जाऊ आणि एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ.

## उदाहरणातला गाळा

म्हापशात तयार कपड्यांचे दुकान. एकल मालकीचा व्यवसाय, जीएसटीत नियमित नोंदणी. इमारत जुनी, चिऱ्यांच्या भिंती, पुढे दुकान आणि मागे मंगळुरी कौलांच्या छपराखाली गोदाम. करार 1 ऑगस्ट 2025 पासून पाच वर्षांचा. काम दिवाळीपूर्वी आटोपायचे होते, पण लांबले आणि दुकान 1 नोव्हेंबर 2025 ला उघडले. कंत्राटदाराने ऑक्टोबरात एका ओळीचे बिल दिले: ‘दुकान नूतनीकरण, 9,00,000 रुपये, अधिक 18 टक्के जीएसटी 1,62,000 रुपये’.

असे एका ओळीचे बिल हातात घेऊन कोणताही निर्णय करता येत नाही. म्हणून ते तूर्त बाजूला ठेवू.

## पूर्वतयारी: काम सुरू होण्याआधी गोळा करायचे कागद

1. सही झालेला, मुद्रांक लावलेला भाडेकरार. नुसता मसुदा चालणार नाही.
2. गाळ्याचे ताब्यात घेतानाचे फोटो, तारखेसह. गळणारे छप्पर, फुगलेला गिलावा, तुटलेली फरशी असे सगळे त्यात यावे. पुढे ‘ही दुरुस्ती होती’ असे सांगायची वेळ आली तर दुसरा पुरावा सहसा हाताशी नसतो.
3. कंत्राटदाराचे कामवार अंदाजपत्रक. काम सुरू व्हायच्या आधी ते मागितले तर मिळते. काम संपल्यावर मागितले तर आकडे आठवणीतून लिहून येतात.
4. पैसे दिल्याच्या बँक नोंदी.

सावधान: गवंडी आणि रंगाऱ्यांना रोख द्यायची सवय आपल्याकडे जुनी आहे. एका व्यक्तीला एका दिवसात 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर आयकरासाठी महसुली, म्हणजे त्याच वर्षी उडवायच्या, खर्चातून ती रक्कम कलम 40ए(3) खाली नामंजूर होते. भांडवली, म्हणजे मालमत्तेत चढवायचा, खर्च असेल तर ती मालमत्तेच्या किमतीतच धरली जात नाही, म्हणजे तिच्यावर घसाराही नाही. वर्गीकरण कितीही अचूक केले तरी हे नुकसान भरून निघत नाही.

## टप्पा 1: भाडेकरारातली चार कलमे शोधा

पूर्ण करार वाचाच, पण या निर्णयासाठी चार गोष्टी अधोरेखित करा.

दुरुस्ती कोणाकडे? आयकर कायदा 1961 च्या कलम 30 नुसार भाडेकरूला दुरुस्तीचा खर्च वजा मिळतो, तो त्याने दुरुस्तीची जबाबदारी करारात स्वीकारलेली असेल तेव्हा. ‘छप्पर व भिंतींची दुरुस्ती मालक करील’ असे लिहिलेले असताना तुम्ही स्वतः कौले बदलली, तर तो खर्च तुमचा का, असा प्रश्न येणारच. आपल्याकडे मालक बऱ्याचदा परदेशी किंवा मुंबईत असतो आणि पाऊस तोंडावर आला की भाडेकरूच छपरावर माणूस चढवतो. त्यात गैर काही नाही. फक्त करारात तसे लिहून घ्या किंवा निदान मालकाचे पत्र तरी घ्या.

पैसे भाड्यातून वळते होणार आहेत का? ‘भाडेकरूने फरशी घालावी, खर्च पहिल्या वर्षाच्या भाड्यातून वळता करावा’ अशी अट असेल तर ती फरशी तुमच्या हिशेबात सुधारणाही नाही आणि दुरुस्तीही नाही. ते तुम्ही मालकाला आगाऊ दिलेले भाडे आहे. जसजसे वळते होईल तसतसे भाडेखर्चात जाईल.

मुदत आणि नूतनीकरणाचा हक्क. ‘पाच वर्षांनंतर भाडेकरूच्या इच्छेनुसार आणखी तीन वर्षे’ आणि ‘परस्पर संमतीने मुदत वाढवता येईल’ ही दोन वाक्ये दिसायला सारखी आहेत, हिशेबात मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात हक्क तुमचा आहे. दुसऱ्यात मालक नाही म्हणू शकतो, म्हणजे तुमच्या हातात काहीच नाही.

जाताना काय? बसवलेले सामान काढून न्यायचे, सोडून जायचे, की गाळा मूळ स्थितीत परत करायचा?

आमच्या गाळ्याचा करार सांगतो: आतली दुरुस्ती आणि मागच्या छपराची निगा भाडेकरूकडे, भाड्यातून वळतावळत नाही, मुदतवाढ परस्पर संमतीने, बसवलेले काम मालकाकडे राहील, हलवता येणाऱ्या वस्तू भाडेकरू नेईल.

तपासणी: या चारही गोष्टींचे उत्तर एका कागदावर लिहा. एखाद्याचे उत्तर करारात नसेल तर मालकाशी पत्रव्यवहार आताच करा. मार्च अखेरीस तो फोन उचलत नाही.

## टप्पा 2: बिल फोडा

कंत्राटदाराकडून कामवार बिल घ्या. शक्य असेल तर इमारतीला चिकटलेल्या कामाचे एक आणि सुट्या वस्तूंचे दुसरे, अशी वेगळी बिलेच मागा. जीएसटीच्या टप्प्यावर त्याचा फार उपयोग होतो. आमचे बिल फोडल्यावर असे दिसले, सगळे आकडे जीएसटी वगळून:

- जुनी फरशी उखडून डेब्रिज टाकणे: 28,000
- पुढच्या दुकानात नवी व्हिट्रिफाइड फरशी: 1,60,000
- फॉल्स सीलिंग आणि ट्रायल रूमची जिप्सम पार्टिशने: 1,30,000
- नवे वायरिंग, डीबी, पॉइंट: 1,10,000
- काचेचा दर्शनी भाग आणि रोलिंग शटर: 1,00,000
- पुढच्या दुकानाचा रंग: 42,000
- सुटे रॅक आणि काउंटर: 1,80,000
- दोन स्प्लिट एसी: 1,02,000
- मागच्या छपराची शाकारणी, फुटकी कौले आणि दोन-चार रिपा बदलणे: 36,000
- गोदामाच्या भिंतीचा निसटलेला गिलावा आणि तिथला रंग: 12,000

बेरीज 9,00,000 जुळली. ती जुळली नाही तर पुढे जाऊ नका. ‘किरकोळ’ नावाची ओळ बिलात असेल तर ती फोडून घ्या, कारण नको ते सगळे तिथेच लपलेले असते.

## टप्पा 3: आधी जे सुधारणेत बसतच नाही ते बाहेर काढा

दुरुस्ती की सुधारणा हा प्रश्न फक्त इमारतीला चिकटलेल्या कामापुरताच आहे. म्हणून बाकीचे आधी वेगळे करा.

रॅक आणि काउंटर तुम्ही दुसऱ्या गाळ्यात नेऊ शकता. ते फर्निचर, त्यांचे आयुष्य भाडेकरारावर अवलंबून नाही. एसीही तसेच. दोघांना आपापल्या मालमत्ता गटात ठेवा. हे सगळे ‘लीजहोल्ड इम्प्रूव्हमेंट’मध्ये, म्हणजे भाड्याच्या जागेत केलेल्या सुधारणांच्या खात्यात, ढकलण्याची चूक फार होते आणि मग करार संपताना हिशेबात शून्य असलेले रॅक टेम्पोतून नव्या गाळ्यात जातात.

उद्घाटनाची पूजा, जाहिरात, पहिल्या आठवड्यातली सूट, नोकरांचे प्रशिक्षण हे कुठल्याच मालमत्तेत जात नाही. नवी जागा सुरू करण्याचा आणि जाहिरातीचा खर्च मालमत्तेच्या किमतीत धरू नये, असे लेखा मानक 10 स्पष्ट सांगते. थेट खर्च.

डिझायनरची फी मात्र ज्या कामासाठी दिली त्याच्या मागे जाते. त्याने आखणी केली ती फरशी, सीलिंग आणि फर्निचरची असेल, तर फी त्यांच्या रकमेच्या प्रमाणात वाटा.

आमच्याकडे 1,80,000 फर्निचर आणि 1,02,000 एसी बाहेर पडले. उरले 6,18,000.

## टप्पा 4: उरलेल्या प्रत्येक ओळीला विचारा, राखले की निर्माण केले?

खरा निर्णय इथे होतो, म्हणून इथे घाई करू नका.

‘रक्कम मोठी म्हणून भांडवली, लहान म्हणून खर्च’ हा समज आधी काढून टाका. रकमेचा आकार ही कसोटी नाही. ‘भाड्याची जागा, आपली मालकी नाही, मग मालमत्ता कशी?’ हाही युक्तिवाद आता चालत नाही. 1998 साली सर्वोच्च न्यायालयाने मद्रास ऑटो सर्व्हिस प्रकरणात भाडेकरूने दुसऱ्याच्या जमिनीवर स्वखर्चाने बांधलेल्या इमारतीचा खर्च महसुली मानला होता, कारण इमारत मालकाची झाली आणि भाडेकरूला मिळाला तो कमी भाड्याचा फायदा. पण ते प्रकरण जुन्या वर्षांचे होते. करनिर्धारण वर्ष 1988-89 पासून कलम 32 ला स्पष्टीकरण 1 जोडले गेले. त्यानुसार भाडेकरूने इमारतीत नूतनीकरण, विस्तार किंवा सुधारणा म्हणून भांडवली खर्च केला, तर ते काम जणू त्याच्याच मालकीची इमारत आहे असे धरून त्याला घसारा मिळतो.

याच स्पष्टीकरणाचा उलटा गैरवापरही होतो. ‘भाड्याच्या गाळ्यात काही केले की भांडवली’ असे ते म्हणत नाही. खर्च आधी भांडवली ठरला पाहिजे, मग त्याचे काय करायचे एवढेच ते सांगते. भांडवली आहे की नाही, हे तुम्हाला आधी ठरवावेच लागते.

ते ठरवताना सर्वोच्च न्यायालयाचा 2007 चा सरवणा स्पिनिंग मिल्स निकाल उपयोगी पडतो. अस्तित्वात असलेली मालमत्ता राखण्यासाठी केलेला खर्च ही चालू दुरुस्ती. नवी मालमत्ता किंवा नवा फायदा आणणारा खर्च तसा नाही. तो निकाल यंत्रसामग्रीबद्दलचा आहे. भाडेकरूसाठी कलम 30 मध्ये ‘चालू दुरुस्ती’ नसून नुसता ‘दुरुस्ती’ हा शब्द आहे, म्हणजे त्याला थोडी अधिक मोकळीक आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने हाय लाइन पेन्स प्रकरणात हा फरक मान्य केला. पण दुरुस्तीच्या नावाखाली भांडवली खर्च येणार नाही असे स्पष्टीकरण 2004 पासून त्या कलमातही आहे. म्हणून ती मोकळीक ताणू नये.

हिशेबाच्या वहीतही प्रश्न तोच. लेखा मानक 10 नुसार रोजच्या निगेचा खर्च नफा-तोट्यात जातो आणि पुढची काही वर्षे फायदा देणारी, किंमत नीट मोजता येणारी गोष्ट मालमत्तेत जाते.

आता ओळी घेऊ.

मागच्या छपराची शाकारणी. छप्पर होते, गळत होते, आता गळत नाही. कौलांचा प्रकार, उतार, आकार तोच. राखले, निर्माण काही केले नाही. खर्च. हीच कौले काढून लोखंडी सांगाड्यावर पत्रे टाकले असते, तर उत्तर बदलले असते.

गोदामाचा गिलावा आणि रंग. चिऱ्याच्या भिंतीला ओल धरली, गिलावा सुटला, तेवढा भाग परत केला. खर्च.

नवी फरशी. चार फरश्या फुटल्या म्हणून बदलल्या असत्या तर दुरुस्ती. इथे पूर्ण जुनी फरशी काढून वेगळ्या दर्जाची घातली. भांडवली.

जुनी फरशी उखडणे आणि डेब्रिज. यावर वाद होतो. ‘तोडफोड म्हणजे खर्च’ असे अनेकजण धरतात. पण तोडल्याशिवाय नवी फरशी बसत नव्हती. नवी मालमत्ता वापरायोग्य करण्यासाठी लागलेला हा थेट खर्च आहे, म्हणून फरशीसोबत भांडवली.

सीलिंग, पार्टिशन, काचेचा दर्शनी भाग. पूर्वी नव्हते, आता आहेत. यात विचार करण्यासारखे काही नाही.

वायरिंग. एखादी जळलेली लाइन बदलणे दुरुस्ती. पूर्ण नवे वायरिंग आणि नवा डीबी भांडवली. आयकरात याचा गट वेगळा असतो, ते पुढे येईल.

पुढच्या दुकानाचा रंग. सगळ्यात जास्त चूक इथे होते. ‘रंग म्हणजे नेहमी खर्च’ हे वाक्य चालू दुकानाला लागू आहे. नव्या पार्टिशनला, नव्या सीलिंगला आणि त्याच झपाट्यात भिंतींना दिलेला पहिला रंग हा दुकान उघडण्याजोगे करण्याचा भाग आहे. तो भांडवली. तीन वर्षांनी चवथीपूर्वी पुन्हा रंग काढाल तेव्हा तो खर्च.

सावधान: पूर्ण दुकानाचा कायापालट एकाच योजनेत केला असेल तर त्यातून ‘हा रंग दुरुस्ती, हे वायरिंग दुरुस्ती’ अशा कापण्या काढून खर्च वाढवू नका. बल्लीमल नवलकिशोर प्रकरणात 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहाचे सर्वांगीण नूतनीकरण चालू दुरुस्ती नाही असे ठरवले. आम्ही छप्पर आणि गोदाम वेगळे काढले, कारण ते वेगळ्या जागेत आहे, दुकानाचे काम झाले नसते तरी करावेच लागले असते आणि गळतीचे आधीचे फोटो आहेत. या तीन आधारांपैकी एकही नसता तर मी ते 48,000 वेगळे काढायला कचरलो असतो.

हिशेब: खर्च 36,000 + 12,000 = 48,000. लीजहोल्ड इम्प्रूव्हमेंट 28,000 + 1,60,000 + 1,30,000 + 1,10,000 + 1,00,000 + 42,000 = 5,70,000.

तपासणी: प्रत्येक ओळीसमोर एक वाक्य कारण लिहा. ‘भांडवली’ हे कारण नव्हे. ‘पूर्ण जुनी फरशी काढून नवी’ हे कारण.

## टप्पा 5: जीएसटी, कालावधी ठरवण्याआधीच

अनेकजण हा टप्पा शेवटी करतात आणि मग मालमत्तेची किंमत पुन्हा बदलावी लागते. किंमत किती हे क्रेडिट मिळते की नाही यावर अवलंबून असल्याने हे आधी घ्या.

जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) नुसार स्थावर मालमत्तेच्या बांधकामावरचे क्रेडिट अडवलेले आहे आणि ‘बांधकाम’ या शब्दात नूतनीकरण, फेरबदल, दुरुस्तीही येते, पण ज्या मर्यादेपर्यंत तो खर्च भांडवली केला त्या मर्यादेपर्यंतच. म्हणजे टप्पा 4 मधला तुमचा निर्णय थेट क्रेडिट ठरवतो. छप्पर दुरुस्ती खर्चात टाकली तर तिच्यावरचे क्रेडिट मिळते. फरशी भांडवली केली तर फरशीवरचे मिळत नाही. सुटे रॅक आणि एसी हे स्थावर मालमत्तेचे बांधकाम नाही, त्यांच्यावरचे मिळते.

आमच्या बिलात:

- इम्प्रूव्हमेंट 5,70,000 वर 1,02,600: अडवलेले
- फर्निचर 32,400, एसी 18,360, दुरुस्ती 8,640, एकूण 59,400: मिळणारे

अडवलेला कर किमतीत मिळवा: 5,70,000 + 1,02,600 = 6,72,600. आता ही मालमत्तेची किंमत. फर्निचर आणि एसीच्या किमतीत मात्र कर मिळवू नका. ज्या करावर घसारा घेतला त्याचे क्रेडिट कलम 16(3) देत नाही, दोन्हीकडून फायदा घेता येत नाही.

सगळे बिल इम्प्रूव्हमेंटमध्ये टाकणाऱ्याचे इथे 59,400 रुपये जातात. सगळे दुरुस्तीत टाकून पूर्ण 1,62,000 चे क्रेडिट घेणाऱ्याला 1,02,600 पुढे व्याजासह परत करावे लागण्याचा धोका असतो. आयकर विवरणात भांडवली आणि जीएसटीत महसुली, अशी दोन तोंडे दाखवणेही सोडा. दोन्ही विवरणे एकाच पॅनशी जोडलेली आहेत.

ऑक्टोबर 2025 च्या बिलाचे क्रेडिट घ्यायची शेवटची मुदत 30 नोव्हेंबर 2026, किंवा त्याआधी वार्षिक विवरण भरले तर ती तारीख. कंपोझिशन योजनेत असाल तर क्रेडिटच नाही, सगळा कर त्या त्या किमतीत किंवा खर्चात जाईल.

## टप्पा 6: किती महिन्यांत वाटायचे?

हिशेबाच्या वहीत लीजहोल्ड इम्प्रूव्हमेंट दोनपैकी लहान कालावधीत वाटतात: त्या कामाचे उपयुक्त आयुष्य, किंवा भाडेकराराची उरलेली मुदत. फरशी पंधरा वर्षे टिकेल, पण तुम्ही पाच वर्षांनी जाणार असाल तर ती पंधरा वर्षे तुमची नाहीत.

मुदतवाढ केव्हा धरायची? हक्क तुमच्या हाती असेल आणि तो तुम्ही वापराल हे करार करतानाच जवळपास नक्की असेल, तर. आमच्या करारात ‘परस्पर संमतीने’ आहे, म्हणून धरायची नाही. मालक चांगला माणूस आहे हा आधार नव्हे.

सुरुवात कुठून? पैसे दिल्यापासून नव्हे, करार सुरू झाल्यापासूनही नव्हे. जागा वापरायला तयार झाल्यापासून. आमचे दुकान 1 नोव्हेंबर 2025 ला तयार झाले, करार 31 जुलै 2030 ला संपतो. म्हणजे 57 महिने, 60 नव्हे. 6,72,600 भागिले 57, दरमहा 11,800. पहिल्या वर्षी मार्चपर्यंतचे पाच महिने, 59,000. त्यानंतर पूर्ण वर्षाला 1,41,600.

सावधान, 11 महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स असेल तर: नोंदणी टाळायला असा कागद करून वर्षानुवर्षे नूतनीकरण करत राहण्याची पद्धत आहे. त्या कागदावर सात लाखांची फरशी-सीलिंग करून ती पाच वर्षांत वाटणे चुकीचे. वाढीचा लेखी हक्क नसेल तर कालावधी कागदाइतकाच. मग एकाच वर्षात एवढा भार पडलेला पाहून बँक विचारेल, तेव्हा उपाय हिशेबात शोधू नका. काम सुरू करण्याआधी दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत करार मागा.

करारात ‘गाळा मूळ स्थितीत परत’ अशी अट असती, तर काच आणि पार्टिशने काढण्याचा अंदाजे खर्च आजच किमतीत मिळवून तेवढी तरतूद दाखवावी लागली असती. आमच्याकडे काम मालकाकडे राहते, म्हणून तो प्रश्न नाही.

## टप्पा 7: आयकराचा घसारा वेगळा मांडा

इथे भाडेकराराची मुदत विचारात घेत नाहीत. ठरलेले दर, गटानुसार, घटत्या किमतीवर. फरशी, सीलिंग, दर्शनी भाग हे इमारत गटात 10 टक्के. वायरिंग, स्विच, सॉकेट ही विद्युत जोडणी म्हणून फर्निचर व फिटिंग गटात, तिथेही 10 टक्के. एसी यंत्रसामग्रीत 15 टक्के. फॉल्स सीलिंगला ‘तात्पुरते लाकडी बांधकाम’ म्हणून 40 टक्के लावलेले मी पाहिले आहे. तो दर खरोखरच्या तात्पुरत्या उभारणीसाठी आहे, पाच वर्षे टिकायला बांधलेल्या सीलिंगसाठी नाही.

वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर घसारा निम्मा. 31 मार्च 2026 ला संपणाऱ्या वर्षात 180 दिवस भरायला मालमत्ता 3 ऑक्टोबर 2025 पर्यंत वापरात यायला हवी होती. आमचे दुकान 1 नोव्हेंबरला उघडले. म्हणून 6,72,600 वर 10 ऐवजी 5 टक्के, 33,630. चवथीपूर्वी उघडले असते तर 67,260 मिळाले असते. कंत्राटदाराला तारीख देताना हे गणित डोक्यात असू द्या.

आता पुढे बघा. 31 मार्च 2030 ला वहीत या कामाची बाकी चार महिन्यांची, 47,200 असेल. आयकराच्या तक्त्यात मात्र सुमारे 4.19 लाख उरलेले असतील. जुलैत गाळा सोडल्यावर या बाकीचे काय, हा प्रश्न वादग्रस्त आहे, कारण विक्री झालेली नाही आणि गटात तुमची दुसरी इमारत आहे की नाही यावर बरेच अवलंबून असते. तुमच्या सीएला हे करार करतानाच विचारा.

कलम 44एडीखाली अनुमानित नफा दाखवत असाल तर घसारा वेगळा वजा मिळत नाही, तो मिळाला असे धरून बाकी कमी होत जाते. आर्थिक वर्ष 2025-26 साठी 1961 चा कायदाच लागू आहे. 1 एप्रिल 2026 पासूनच्या वर्षांना आयकर कायदा 2025 लागतो, तेव्हा पुढच्या वर्षी ही कलमे वेगळ्या क्रमांकांनी शोधावी लागतील.

## टप्पा 8: करार चालू असताना येणारे प्रसंग

गळतीने सीलिंग पडले. एक-दोन पट्ट्या बदलल्या तर खर्च. पूर्ण सीलिंग नवे केले तर जुन्या सीलिंगची वहीतली बाकी त्याच वर्षी काढून टाका आणि नवे उरलेल्या महिन्यांत वाटा. जुने तसेच ठेवून नवे वर चढवले तर ताळेबंदात एका दुकानाला दोन सीलिंग दिसतात. त्यासाठीच टप्पा 2 मधली कामवार यादी जपून ठेवायची.

मुदत वाढली. 2029 मध्ये मालकाने आणखी तीन वर्षांचा करार आधीच केला, तर त्या तारखेची बाकी नव्या उरलेल्या मुदतीत पुढे वाटा. मागची वर्षे उघडायची नाहीत. हा अंदाजातला बदल आहे.

गाळा आधी सोडला. वहीतली उरलेली बाकी त्याच वर्षी नफा-तोट्यात. रॅक आणि एसी सोबत नेलेत तर त्यांच्या बाकीला हात लावू नका. मालकाने सोडून गेलेल्या कामाचे काही पैसे दिले तर ते बाकीतून वजा करा, ‘इतर उत्पन्न’ म्हणून वेगळे मिरवू नका.

दरवर्षीची शाकारणी, रंग, शटरची मोटर, नळाची गळती. हे सगळे खर्चात, पण प्रत्येक बिलावर काय केले ते लिहून घ्या. ‘दुरुस्ती, 85,000’ एवढेच लिहिलेले बिल तपासणीत सर्वात आधी बाहेर काढले जाते.